रेफर चिठ्ठीतल्या अडचणीच्या ओळी

अतिदक्षता विभागातला रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे निघतो, तेव्हा नातेवाइकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. एक्स-रे, तपासण्यांचे कागद, औषधांची बिलं आणि या सगळ्यात घडी घातलेली एक चिठ्ठी. तिला कुणी रेफर चिठ्ठी म्हणतं, कुणी ट्रान्सफर समरी. मी कोल्हापुरात अशा रुग्णांना घेणाऱ्या बाजूला काम करतो. घाट उतरून कोकणात औषधं जातात आणि घाट चढून रुग्ण वर येतात, असं आमच्याकडे म्हणतात. रुग्ण स्ट्रेचरवरून खाटेवर घेतला जात असताना मी आधी ती चिठ्ठी मागतो, आणि ती हातात आल्यावर निदानाची ओळ सोडून खालच्या ओळी वाचतो. निदान बहुतेक वेळा फोनवर कळलेलं असतं. मला हवं असतं ते वेगळंच. तोंडातली नळी किती आत आहे, मशीन कशावर आहे, कुठली लाइन कधी आणि कशा परिस्थितीत घातली, आणि कुठला रिपोर्ट अजून यायचा आहे.

एक चिठ्ठी घेऊन हे सांगतो. पुढचा रुग्ण हा कुणी एक माणूस नाही. पावसाळ्यात पाहिलेल्या पाच-सहा रुग्णांचे तपशील जोडून तो उभा केला आहे. सिंधुदुर्गातला ४२ वर्षांचा शेतकरी. भात लावणीचे दिवस, गुडघाभर चिखल. मंगळवारी ताप आला, मग अंगदुखी, डोळे पिवळे. शनिवारी दम लागला आणि रविवारी पहाटे २ वाजता तालुक्याच्या खासगी रुग्णालयात त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. लेप्टोस्पायरोसिसचा दाट संशय. फुप्फुसं सुजून पाण्याने भरली होती, प्लेटलेट ३० हजारांवर उतरल्या होत्या आणि मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. गुरुवारपर्यंत फुप्फुसं जरा सावरली, पण १२ तासांत लघवी जेमतेम ११० मिली झाली आणि पोटॅशियम वाढलं. डायलिसिस हवं होतं आणि तिथे ते नव्हतं. म्हणून तो निघाला.

त्या चिठ्ठीत व्हेंटिलेटरबद्दल पहिली ओळ होती ती उंचीची : १६५ सेंटिमीटर. वाचणाऱ्याला वाटेल, मशीनचा उंचीशी काय संबंध? तर फुप्फुसांचा आकार माणसाच्या उंचीवर ठरतो, वजनावर नाही. जाड झाल्याने कुणाची फुप्फुसं मोठी होत नाहीत. म्हणून उंचीवरून एक अपेक्षित वजन काढतात. या रुग्णाचं ते साधारण ६१.५ किलो आलं, प्रत्यक्ष वजन मात्र ७८ होतं. सुजलेल्या फुप्फुसांना दर किलोमागे ६ मिली एवढाच छोटा श्वास द्यायचा असतो. उंचीच्या हिशेबाने तो सुमारे ३७० मिली, खऱ्या वजनाच्या हिशेबाने जवळजवळ ४७०. हा १०० मिलीचा फरक दर मिनिटाला २६ वेळा, दिवसरात्र, आधीच आजारी फुप्फुसावर आदळत राहतो. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात किलोमागे १२ मिलीचा मोठा श्वास दिलेल्यांपैकी शंभरात सुमारे ४० जण दगावले, ६ मिलीवाल्यांपैकी ३१. तेव्हापासून छोटा श्वास हा जगभरचा रिवाज झाला आहे. आमच्याकडे आलेल्या बेशुद्ध, आडव्या, नळ्यांनी वेढलेल्या माणसाची उंची टेपने मोजायला वेळ लागतो, आणि घाईत अंदाज चुकतो. चिठ्ठीतल्या त्या तीन अंकांनी तो प्रश्नच मिटवला.

त्यापुढे मशीनचे आकडे होते. श्वास ३७० मिली, मिनिटाला २६, ऑक्सिजन ६० टक्के, पीप १२. पीप म्हणजे श्वास बाहेर सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला थोडा दाब. ओल्या कागदी पिशवीसारखी चिकटू पाहणारी हवेची बारीक घरं त्याने उघडी राहतात. पण माझं लक्ष गेलं ते आकड्यांशेजारच्या वेळांकडे आणि मागच्या दिवसांच्या आकड्यांकडे. सोमवारी ९० टक्के ऑक्सिजनवर रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६३ होता. गुरुवारी सकाळी ६० टक्क्यांवर ८४. दाबाला ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागलं तर सोमवारचं उत्तर ७० येतं, गुरुवारचं १४०. निरोगी माणसात ते ४०० च्या वर असतं आणि १०० च्या खाली गेलं की आजार तीव्र मानतात. म्हणजे माणूस अजून खूप आजारी होता, पण उताराला लागलेला होता. नुसतं १४० वाचलं असतं, तर तो वर चाललाय की खाली हे मला कळलं नसतं. सोमवारी आणि मंगळवारी त्याला प्रत्येकी १६ तास पालथं झोपवलं होतं आणि त्याने फरक पडला होता, हेही लिहिलेलं होतं. रात्री पुन्हा बिघडलाच तर काय करायचं, हे त्यामुळे माझ्यासाठी आधीच ठरलं.

याच भागात एक वाक्य होतं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘कार्बन डायऑक्साइड ५६, पीएच ७.२७, हे मान्य करून चाललो आहोत.’ छोटा श्वास दिला की कार्बन डायऑक्साइड पूर्ण बाहेर जात नाही, थोडा साठतो. रक्त किंचित आम्ल होतं. फुप्फुस वाचवण्यासाठी दिलेली ही किंमत असते आणि ती समजून-उमजून दिलेली असते. पण नव्या ठिकाणी, नव्या डॉक्टरच्या हातात पहिला रिपोर्ट पडतो, त्यात ५६ लाल अक्षरात छापलेलं असतं आणि बोटं आपसूक श्वासाचं माप वाढवायला जातात. पाच दिवसांची राखण पाच मिनिटांत मोडते. मी हे होताना पाहिलं आहे, आणि तेव्हा चिठ्ठीत आकडे सगळे होते. त्यांच्यामागचा हेतू नव्हता.

आता निघण्याच्या वेळेबद्दल. ही चिठ्ठी सकाळी ९ ला टाइप झाली होती, रुग्ण निघाला ११ वाजून २० मिनिटांनी. ११ वाजता त्याला विभागातच, खाटेवर असताना, प्रवासाच्या छोट्या व्हेंटिलेटरवर घेतलं. नळी बदलताना क्षणभर जोड सुटतो, पीपचा दाब निघून जातो आणि मोठ्या कष्टाने उघडलेली घरं मिटतात. म्हणून तोंडातल्या नळीला गॉज गुंडाळून चिमट्याने घट्ट धरतात आणि मग जोड बदलतात. तरीही इथे ऑक्सिजनची पातळी ९४ वरून ८८ वर आली. ऑक्सिजन ७० टक्के केला, तेव्हा ती ९३ ला स्थिरावली. एवढं होऊन, थोडा वेळ थांबून मगच स्ट्रेचर हललं. टाइप केलेल्या ‘६० टक्के’ या आकड्यावर पेनने काट मारून शेजारी ‘७०, स. ११’ लिहिलं होतं. नीटनेटका छापलेला जुना आकडा आणि खाडाखोड केलेला खरा आकडा यांत मला नेहमी दुसराच हवा असतो.

सिलिंडरचा हिशेबही मागच्या बाजूला होता. ३७० मिलीचे २६ श्वास म्हणजे मिनिटाला साधारण १० लिटर. घाटाचा रस्ता साडेतीन तासांचा, म्हणजे २१० मिनिटं, म्हणजे २१०० लिटर. रस्त्यात दरड असते, टायर फुटतो, म्हणून दुप्पट घ्यायचं : ४२०० लिटर. भरलेल्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर मावतात. काटा अर्ध्यावर असेल तर ३५०० उरतात आणि गाडी निघायला नको. रुग्णाच्या नातेवाइकालाही हा काटा वाचता येतो.

नळ्यांच्या भागात पहिली तोंडातली. ‘साडेसात नंबर, ओठाशी २२ सेंटिमीटर. तिसऱ्या प्रयत्नात गेली, बूजी वापरावी लागली.’ बूजी म्हणजे वाट शोधायला आधी सरकवायची लांब लवचीक काडी. तिसऱ्या प्रयत्नाचं हे वाक्य लिहिताना डॉक्टरची लेखणी अडखळते, हे मला माहीत आहे. आपल्याला जमलं नाही असा त्याचा अर्थ निघेल असं वाटतं. पण आमच्याकडे रुग्ण खाटेवर घेतला, तेव्हा नळीवरचा आकडा ओठाशी २४ होता आणि छातीच्या डाव्या बाजूला श्वासाचा आवाज मंद होता. घाटातल्या वळणांत नळी दोन सेंटिमीटर आत सरकून उजव्या फुप्फुसाच्या वाटेला लागली होती. २२ लिहिलेलं नसतं तर २४ वाचून कुणाला काही वाटलं नसतं. उंच माणसात तो आकडा चालूनही जातो. एक्स-रे येईपर्यंत अर्धा तास डावं फुप्फुस उपाशी राहिलं असतं. नळी मागे ओढायची तर ती पूर्ण निसटण्याची भीती, आणि निसटली तर पुन्हा घालणं या माणसात सोपं नाही, हे दुसऱ्या वाक्याने सांगितलं होतं. म्हणून आधी भूलतज्ज्ञ डॉक्टरांना खाटेशी बोलावलं, बूजी हाताशी ठेवली, मग नळी २२ वर आणली. डाव्या बाजूचा आवाज परत आला.

दुसरी लाइन उजव्या जांघेतली. ‘रविवारी पहाटे अडीचला, रक्तदाब पडलेला असताना घाईत घातली. पूर्ण निर्जंतुक तयारी करता आली नाही.’ अशी घाईत घातलेली लाइन शक्यतो ४८ तासांत बदलावी, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ती बदलली नव्हती, आणि का, तेही पुढे होतं : प्लेटलेट ३० हजार, नवीन टोचल्यास रक्तस्राव होण्याची भीती. गुरुवारी त्या ६२ हजार झाल्या होत्या. शेवटी एक छोटी ओळ : ‘उजवी मान डायलिसिससाठी मोकळी ठेवली आहे.’ डायलिसिसच्या जाड नळीला उजव्या मानेची शीर सर्वांत सरळ पडते. पुढच्या रुग्णालयात काय लागणार हे ओळखून त्या डॉक्टरांनी ती जागा पाच दिवस राखली होती. हे वाचून मला बरं वाटलं.

त्या जांघेतल्या लाइनमधून नॉरअॅड्रिनलीन चालू होतं, म्हणजे रक्तदाब धरून ठेवणारं औषध. बहुतेक चिठ्ठ्यांत त्याच्यापुढे ‘ताशी ६ मिली’ एवढंच असतं. हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. कुणी ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध मिसळतं, कुणी ८. पहिल्यात ताशी ६ मिली म्हणजे मिनिटाला ८ मायक्रोग्रॅम, दुसऱ्यात १६. आमच्याकडे सिरिंज दुप्पट ताकदीची भरली जाते. जुना आकडा पाहून पंप ६ वरच ठेवला असता, तर औषध दुप्पट गेलं असतं आणि रक्तदाब उसळला असता. उलट प्रकारात तो कोसळतो. म्हणून ओळ अशी हवी, आणि या चिठ्ठीत अशीच होती : ‘मिनिटाला ८ मायक्रोग्रॅम; ५० मिलीत ४ मिलिग्रॅम, ताशी ६ मिली.’ सिस्टरने ती वाचली, आमच्या सिरिंजला पंप ताशी ३ वर लावला आणि जुनी सिरिंज संपण्याआधी नवी सुरू केली.

यायच्या रिपोर्टांचा भाग चिठ्ठीच्या तळाशी असतो आणि बहुतेकदा तो रिकामा असतो किंवा ‘रिपोर्ट फॉलो करा’ एवढ्यावर संपतो. कुणाचा रिपोर्ट, कुठून, कुणाला विचारून? नमुना ज्या रुग्णालयाने पाठवला, रिपोर्ट त्याच रुग्णालयाकडे जातो. प्रयोगशाळेच्या संगणकावर रुग्ण अजून जुन्याच खाटेवर असतो. जुन्या ठिकाणी केस पेपर बंद होऊन रेकॉर्ड रूमला गेलेला असतो आणि रिपोर्ट एका ट्रेमध्ये पडून राहतो. नव्या ठिकाणी कुणाला असा काही नमुना गेलाय हेच माहीत नसतं.

या रुग्णाचे दोन रिपोर्ट यायचे होते. पहिला लेप्टोचा. तापाच्या चौथ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी निगेटिव्ह आली होती. ही चाचणी जंतू शोधत नाही, शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं शोधते, आणि ती तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. म्हणून चौथ्या दिवशीच्या ‘नाही’ ला फारसा अर्थ नसतो. चिठ्ठीत ते स्पष्ट होतं : ‘पहिली चाचणी लवकर केलेली, निगेटिव्ह. नवव्या दिवशी पुन्हा नमुना पाठवला आहे. लेप्टोचं औषध बंद करू नये.’ शेवटचं वाक्य नसतं तर निगेटिव्ह पाहून कुणीतरी ते बंद केलं असतं.

दुसरा होता ब्लड कल्चर. बुधवारी संध्याकाळी नव्याने थंडी वाजून ताप चढला होता. ६ वाजता रक्त घेतलं, एका बाटलीच्या जोडीत जांघेतल्या लाइनमधून, दुसऱ्या जोडीत हाताच्या शिरेतून. साडेसातला अँटिबायोटिक बदललं. हा क्रम आणि या वेळा लिहिल्या होत्या. औषध आधी गेलं असतं तर जंतू बाटलीत वाढलेच नसते आणि ‘वाढ नाही’ या उत्तरावर विसंबता आलं नसतं. बाटल्या कोल्हापूरच्याच एका प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या आणि रात्री ११ ला यंत्रात लागल्या. रुग्ण घाट चढला त्याच्या आदल्या रात्रीच त्याचं रक्त वर येऊन पोचलं होतं! पण उत्तर जाणार होतं खाली, कोकणात. खालच्या डॉक्टरांनी हे ओळखून शेवटी पेनने लिहिलं होतं : प्रयोगशाळेचं नाव, नमुन्याचा क्रमांक, तिथला फोन, आपल्या विभागातला रात्रंदिवस उचलला जाणारा फोन आणि आमच्या विभागाचा फोन. चिठ्ठीची एक प्रत त्यांनी आपल्याकडे, सिस्टरच्या टेबलावर ठेवली होती.

गुरुवारी दुपारी १ वाजून २० मिनिटांनी आमचा फोन वाजला. खालच्या सिस्टर बोलत होत्या. ‘सर, आमचा पेशंट अजून पोचला नसेल. लाइनमधल्या बाटलीत वाढ आलीय, ग्राम-निगेटिव्ह म्हणाले.’ यंत्राने पावणेबाराला इशारा दिला होता आणि प्रयोगशाळेने काचपट्टी पाहून, सवयीप्रमाणे, जुन्या ठिकाणी कळवलं होतं. गाडी तेव्हा घाटात होती. चारच्या सुमारास दुसरा फोन आला, आता थेट प्रयोगशाळेचा : हाताच्या रक्ताची बाटलीही पॉझिटिव्ह, दुपारी अडीचच्या पुढे. मी कागदावर दोन्ही वेळा मांडल्या. लाइनच्या बाटलीत वाढ जवळजवळ तीन तास आधी दिसली होती. दोन्ही जोड्या एकाच वेळी घेतलेल्या असताना लाइनमधलं रक्त दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आलं, तर तिथे जंतू जास्त आहेत, म्हणजे जंतूंचं घर ती लाइनच आहे, असं धरतात. शेजारी चिठ्ठीतली ओळ होती : घाईत घातली, पूर्ण तयारी करता आली नाही.

ती ओळ नसती तर ताप फुप्फुसाचा समजून आम्ही एक्स-रेवर एक्स-रे काढत बसलो असतो आणि अँटिबायोटिक वाढवत राहिलो असतो. लाइन तिथेच राहिली असती, जंतू रक्तात सोडत. आता करायचं काय ते स्पष्ट होतं. सोनोग्राफीखाली डाव्या मानेत नवी सेंट्रल लाइन घातली, रक्तदाबाचं औषध तिच्यावर घेतलं. राखून ठेवलेल्या उजव्या मानेत डायलिसिसची नळी गेली. मग जांघेतली लाइन काढली. रात्री ९ ला डायलिसिस सुरू झालं. नातेवाइकांपैकी पुतण्या बाहेर बसला होता. त्याला आत बोलावून लाइनमध्ये जंतू झाले होते हे सांगितलं. तो म्हणाला, ‘डॉक्टरांनी तिकडेच सांगितलं होतं, घाईत घातलीय, ताप आला तर ती बघावी लागेल म्हणून.’ चिठ्ठीतही तसं होतं, ‘नातेवाइकांना काय सांगितलं आहे’ या ओळीत.

शुक्रवारी जंतूचं नाव आलं, क्लेबसिएला. शनिवारी कुठलं औषध चालतं त्याची यादी आली. त्याच दुपारी लेप्टोची दुसरी चाचणी पॉझिटिव्ह असल्याचा रिपोर्ट निघाला, आणि तो पुन्हा खालीच गेला, कोकणातल्या त्या टेबलावर. पुन्हा त्याच सिस्टरचा फोन आला. त्यांनी आधी रिपोर्ट वाचून दाखवला आणि मग विचारलं, ‘सर, नळी किती दिवसांत निघेल?’